जी राशी दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही

ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेल्या मोटारीच्या चालकाला समोर बंद पडलेला ट्रक दिसतो. तो पूर्ण जोर लावून ब्रेक दाबतो आणि मोटार ट्रकला टेकता टेकता थांबते. आता मोटार तीच, रस्ता तोच, ब्रेक दाबण्याची जागा आणि जोरही तोच. फक्त सुरुवातीचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे असे समजू. ही मोटार ट्रकवर आदळेल त्या क्षणी तिचा वेग किती असेल? शाळेत विज्ञान नीट शिकलेली माणसेसुद्धा या प्रश्नाला ‘ताशी २० किलोमीटर’ असे उत्तर देतात, कारण वेग २० ने जास्त होता, म्हणून शेवटी २० उरला, हा हिशेब मनाला लगेच पटतो. खरे उत्तर ताशी ६० किलोमीटर आहे. पहिल्या उत्तरातल्या धडकेत मोटारीला पोचा पडेल, दुसऱ्यातल्या धडकेत आतली माणसे दगावू शकतात.

ही चूक आकडेमोडीची नाही, समीकरणाच्या निवडीची आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘२० उरला’ असे म्हणणारा माणूस नकळत v = u + at हे समीकरण वापरत असतो आणि दोन्ही मोटारींना ब्रेक लावायला सारखाच वेळ मिळाला असे धरून चालतो. प्रश्नात मात्र वेळेचा उल्लेखच नाही. दोन्ही मोटारींना सारखे मिळाले आहे ते अंतर.

सरळ रेषेतील एकसमान त्वरणाच्या कोणत्याही उदाहरणात पाचच राशी असतात: सुरुवातीचा वेग u, अंतिम वेग v, त्वरण a, विस्थापन s आणि काल t. यांपैकी तीन दिलेल्या असतात, चौथी विचारलेली असते आणि पाचवी दिलेलीही नसते, विचारलेलीही नसते. विद्यार्थी सारे लक्ष दिलेल्या राशींवर देतात. समीकरण मात्र ठरते ते या पाचव्या, गैरहजर राशीवरून. जे समीकरण तिच्याशिवाय लिहिलेले आहे, तेच आपल्या कामाचे. प्रत्येक राशी वगळणारे एक, अशी एकूण पाच समीकरणे आहेत:

v = u + at (यात s नाही)
s = ½(u + v)t (यात a नाही)
s = ut + ½at² (यात v नाही)
s = vt − ½at² (यात u नाही)
v² = u² + 2as (यात t नाही)

शाळेत यांपैकी पहिले, तिसरे आणि पाचवे ही तीनच समीकरणे सहसा शिकवली जातात आणि ते निसर्गाचे तीन वेगवेगळे नियम आहेत असा समज होऊन बसतो. प्रत्यक्षात पाचही समीकरणे एकाच आकृतीतून निघतात. ती आकृती वहीच्या कोपऱ्यात एकदा काढली की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

आडव्या अक्षावर काल आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन आलेख काढावा. त्वरण एकसमान असल्यामुळे आलेख u या उंचीपासून v या उंचीपर्यंत जाणारी सरळ रेषा असतो. या रेषेचा चढ म्हणजे त्वरण. पहिले समीकरण एवढेच सांगते. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, आणि रेषेखाली आहे समलंब चौकोन, ज्याच्या समांतर बाजू u आणि v आहेत आणि रुंदी t आहे. समांतर बाजूंच्या बेरजेची निम्मी गुणिले त्यांतील अंतर, हे त्याच्या क्षेत्रफळाचे सूत्र म्हणजेच दुसरे समीकरण. सरासरी वेगाची ही कल्पना चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी मांडली, त्याच शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने ती आकृतीने सिद्ध केली आणि १६३८ साली गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंच्या गतीसाठी तिचा उपयोग केला.

आता हाच चौकोन निरनिराळ्या तऱ्हेने कापून पाहू. तळाशी u उंचीचा आयत आणि त्याच्यावर at उंचीचा त्रिकोण असे तुकडे केले, तर क्षेत्रफळ ut + ½at² होते आणि तिसरे समीकरण मिळते. उलट v उंचीचा मोठा आयत घेऊन त्यातून रेषेच्या वरचा त्रिकोण वजा केला, तर vt − ½at² हे चौथे समीकरण मिळते. पाचव्यासाठी काल काढून टाकायचा असतो. चढावरून v − u = at, क्षेत्रफळावरून v + u = 2s/t; या दोहोंचा गुणाकार केला की t छेदला जातो आणि v² − u² = 2as एवढेच उरते. म्हणजे मुळात स्वतंत्र गोष्टी दोनच आहेत, चढ आणि क्षेत्रफळ. पाच राशींमध्ये दोनच स्वतंत्र नाती असल्यामुळे तीन राशी माहीत असल्याखेरीज उदाहरण सुटू शकत नाही. दोनच आकडे दिसत असतील, तर तिसरा शब्दांत दडलेला असतो: ‘थांबते’ म्हणजे v शून्य, ‘विराम अवस्थेतून निघते’ म्हणजे u शून्य, आणि ‘सोडून दिलेला दगड’ म्हटले की u शून्य आणि त्वरण गुरुत्वाचे.

ट्रकच्या उदाहरणाकडे परत येऊ. काल दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही; म्हणून v² = u² + 2as. येथे a आणि s यांपैकी एकही माहीत नाही, पण दोन्ही मोटारींसाठी ते सारखे असल्यामुळे 2as हा गुणाकारही सारखाच आहे. पहिली मोटार थांबली, म्हणजे ब्रेकने त्या अंतरात वेगाच्या वर्गातून ८० चा वर्ग, म्हणजे ६४००, वजा केले. दुसऱ्या मोटारीच्या वेगाचा वर्ग १०,००० होता, त्यातून तेच ६४०० गेले आणि ३६०० उरले, ज्याचे वर्गमूळ ६० आहे. सरासरी वेगानेही हे पडताळता येते. पहिल्या मोटारीचा सरासरी वेग ४० होता, दुसरीचा १०० आणि ६० यांची सरासरी म्हणजे ८०. तेच अंतर दुसरीने निम्म्या वेळात कापले, म्हणून ब्रेकला तिचा वेग ८० ऐवजी फक्त ४० नेच कमी करता आला.

चालकाला ट्रक दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो हेही धरले, तर गतीचे दोन टप्पे होतात आणि एकच समीकरण दोन्ही टप्प्यांना लावता येत नाही. त्वरण बदलले की पाच राशींची नवी यादी करावी लागते. पहिल्या टप्प्याचा अंतिम वेग हा दुसऱ्याचा सुरुवातीचा वेग असतो. येथे a मीटर प्रति सेकंद वर्गात येणार असल्यामुळे वेगही मीटर प्रति सेकंदात घ्यावे लागतात: ताशी ८० म्हणजे २२.२ आणि ताशी १०० म्हणजे २७.८. कोरड्या रस्त्यावर मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग मानले, तर पहिली मोटार ब्रेक लागण्याआधी २२.२ मीटर आणि नंतर ३५.३ मीटर अशी एकूण ५७.५ मीटर जाऊन थांबते. दुसरी मोटार तेवढ्याच अंतरापैकी २७.८ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपवते आणि तिला उरतात २९.७ मीटर. पाचवे समीकरण आता आदळण्याचा वेग १८.९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ताशी ६८ किलोमीटर, असा देते.

‘एका ट्रिकमध्ये सर्व उदाहरणे’ असे सांगणाऱ्या चित्रफिती विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सतत फिरत असतात. ब्रेक हा शब्द दिसला की पाचवे समीकरण लावा, चेंडू दिसला की तिसरे, असा त्यांचा सल्ला असतो. तो टाकून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक लावल्यावर ‘किती सेकंदांत’ असे विचारले आणि अंतर दिलेच नसले, तर पहिलेच समीकरण लागते. उदाहरणाच्या विषयाचा समीकरणाशी काही संबंध नसतो.

समीकरण योग्य निवडूनही उत्तर चुकू शकते. २० मीटर प्रति सेकंद वेगाच्या मोटारीला ब्रेक लागून ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके मंदन मिळते. ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? अंतिम वेग गैरहजर आहे, म्हणून तिसरे समीकरण: १२० वजा ९०, म्हणजे ३० मीटर. हे उत्तर चूक आहे. मोटार चौथ्या सेकंदाला ४० मीटरवर थांबलेली असते. समीकरणाला ते ठाऊक नसते. ते मोटारीला त्याच त्वरणाने मागे आणते आणि सहाव्या सेकंदाला ३० मीटरवर उभी करते. ही चूक ओळखण्यासाठी v काढून पाहावा: २० वजा ३० म्हणजे उणे १०. ब्रेकने मोटार उलटी धावत नाही, तेव्हा त्वरण शेवटपर्यंत तेच नव्हते हे उघड होते.

वर फेकलेल्या चेंडूचे मात्र तसे नाही, कारण सर्वोच्च बिंदूला पोहोचल्यावरही गुरुत्व त्याला सोडत नाही. २० मीटर उंच गच्चीच्या कठड्यावरून चेंडू १५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर यायला त्याला किती वेळ लागेल? वरची दिशा धन मानू. मग u = १५, गुरुत्व त्वरण पूर्णांकात घेऊन a = −१०, आणि चेंडू शेवटी फेकल्या जागेच्या खाली असल्यामुळे s = −२०. तिसऱ्या समीकरणातून वर्गसमीकरण मिळते आणि त्याची मुळे येतात ४ आणि −१. उत्तर ४ सेकंद. उणे एकही निरर्थक नाही: चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून २५ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकला असता, तर तो गच्चीपाशी नेमका १५ च्या वेगाने पोहोचला असता आणि त्यापुढची त्याची गती अगदी हीच असती. वर्गसमीकरण टाळायचे असेल, तर आधी पाचव्या समीकरणाने v काढावा. वर्ग ६२५ येतो; चेंडू खाली येत आहे म्हणून v = −२५ घ्यायचा, आणि मग पहिले समीकरण काल ४ सेकंद देते. हा रस्ता सोपा आहे, पण वर्गमुळाचे चिन्ह येथे आपल्यालाच ठरवावे लागते.

एक किलोमीटर उंचीवरून निघालेल्या पावसाच्या थेंबाला पाचवे समीकरण लावले, तर तो जमिनीवर १४० मीटर प्रति सेकंद वेगाने पोहोचायला हवा. मोठा थेंबही प्रत्यक्षात सुमारे ९ मीटर प्रति सेकंद वेगानेच पडतो, कारण वेगाबरोबर हवेचा विरोध वाढत जातो, त्वरण घटत घटत शून्यावर येते आणि आलेखातली रेषा वाकून आडवी होते. क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन हे तेव्हाही खरे असते, पण ते क्षेत्रफळ समलंब चौकोनाचे राहत नाही, आणि पाचांपैकी एकही समीकरण तेथे लागू पडत नाही.