कॅलेंडरमध्ये २ तारीख, उपास मात्र १ तारखेच्या संध्याकाळपासून: ज्यू सणांची पार्श्वभूमी

२०२५ सालचं उदाहरण घेऊ कारण ते आपल्याला पटकन कळेल. त्या वर्षी योम किप्पूर, म्हणजे ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा उपास, कॅलेंडरवर २ ऑक्टोबर, गुरुवारी होता. त्याच दिवशी आपला दसराही होता. त्यांच्या तिश्री महिन्याची १० तारीख आणि आपली आश्विन शुद्ध दशमी एकाच चौकटीत, कारण दोन्ही कॅलेंडरं चंद्राच्या हिशोबाने चालतात. पण उपास करणाऱ्यांचं शेवटचं जेवण बुधवारी १ तारखेला सूर्य मावळायच्या आधीच उरकलेलं होतं. मग २ तारीख चुकीची छापली होती का? अजिबात नाही. त्यांचा दिवसच सूर्यास्ताला बदलतो आणि आपल्या भिंतीवरची तारीख रात्री बाराला, त्यामुळे त्यांचा एक दिवस आपल्या दोन चौकटींत विभागला जातो, आणि उजेडाचा भाग ज्या चौकटीत पडतो ती तारीख छापतात. आदली संध्याकाळ छापायची राहून जाते, किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात येते.

आपल्याकडे दिवस सूर्योदयाला धरतात हे पंचांग बघणाऱ्याला माहीत असतं. २०२५ ला दशमी लागली होती १ तारखेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, तरी दसरा २ लाच. त्यांच्याकडे असा तिथी लागण्याचा प्रकार नाही, सूर्य मावळला की तारीख बदलली, संपलं.

आता हे आलं कुठून? नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा, तोराचा, पहिलाच अध्याय, सृष्टीच्या निर्मितीचा. तिथे प्रत्येक दिवसाच्या शेवटी एकच ओळ येते, संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस, मग दुसरा दिवस, असं सहा वेळा. संध्याकाळ आधी लिहिलीय म्हणजे दिवस संध्याकाळी सुरू होतो, असा अर्थ रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लावला आणि तोच रूढ झाला.

पण खरं सांगायचं तर ही ओळ एकटी पुरेशी नाही, कारण ती उलटीही वाचता येते. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये राश्बाम नावाचे मोठे भाष्यकार होते, राशी नावाच्या प्रसिद्ध भाष्यकाराचे नातू, त्यांनी ती सरळ अशी वाचली की आधी देवाने उजेड केला, मग तो उजेड मावळला म्हणजे संध्याकाळ झाली, मग रात्र सरून सकाळ झाली आणि तिथे पहिला दिवस पूर्ण झाला. म्हणजे पहाट ते पहाट! व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच खोट नाही. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, कधी सुरू करायचा याबद्दल राश्बाम काही वेगळं सांगत नव्हते, ते फक्त ओळीचा अर्थ सांगत होते, पण असा अर्थ कोणी मनावर घेतला तर शुक्रवारी रात्री लोक कामं करत बसतील ही भीती होतीच. ११५८ मध्ये इंग्लंडमध्ये असताना अब्राहम इब्न एझ्रा या स्पेनच्या ज्यू पंडितांनी याच विषयावर एक अख्खं पत्र लिहिलं, आणि तेही कसं, तर स्वप्नात शब्बाथचा दूत त्यांच्याकडे खुद्द शब्बाथचं तक्रारीचं पत्र घेऊन येतो की तुझ्या घरात माझा मान मोडणारी पुस्तकं आलीयत. हे पत्र राश्बाम यांच्याच अर्थावर होतं असं बऱ्याच जणांना वाटतं.

माझ्या मते खरा भक्कम आधार दुसरीकडे आहे, तोरातल्याच लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात, आणि तो नेमका योम किप्पूरचाच. तिथे आधी उपासाची तारीख दिलीय सातव्या महिन्याची दहावी, आणि पाच ओळींनंतर म्हटलंय की नवव्या दिवशी संध्याकाळी, या संध्याकाळपासून त्या संध्याकाळपर्यंत पाळा. म्हणजे दहावीचा उपास आणि सुरुवात नववीच्या संध्याकाळी, आज कॅलेंडर बघून आपला जो गोंधळ होतो तोच तिथे जसाच्या तसा लिहिलेला आहे. आणि एक बघा, दिवस आधीपासूनच सगळीकडे संध्याकाळी बदलत असता तर नुसतं दहावी म्हणून भागलं असतं, ‘नववीच्या संध्याकाळी’ असं वेगळं सांगायची गरज का पडली? म्हणूनच काही अभ्यासक म्हणतात की अगदी जुन्या काळी रोजचा दिवस सकाळीच धरत असावेत. याचा एक माग अजून शिल्लक आहे, जेरुसलेमच्या मंदिरातल्या बलींच्या नियमांत रात्र आदल्या दिवसाला जोडलेली असते, त्या दिवशीचं मांस सकाळ व्हायच्या आत खायचं, म्हणजे तिथे दिवस आधी आणि रात्र मागून.

चंद्राचाही यात हात असणार. जुन्या काळी महिना सुरू व्हायचा तो नवी कोर दिसल्यावर, आणि कोर दिसते सूर्यास्तानंतर पश्चिमेला, थोड्या वेळापुरती. महिन्याची पहिली खूणच संध्याकाळी दिसत असेल तर पहिली तारीख तिथूनच मोजणं सोपं. बॅबिलोनमध्येही दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा आणि तिश्रीसकट ज्यू महिन्यांची आजची नावं तिथूनच आलीयत.

सूर्यास्ताला म्हटलं तरी नक्की कधी, हा पुढचा प्रश्न. सूर्य बुडाल्यापासून तीन मध्यम तारे दिसेपर्यंतचा जो संधिप्रकाश, तो आजचा की उद्याचा यावर तालमुदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, चर्चा आहे आणि शेवटी तो शंकेचा वेळ म्हणूनच ठेवलाय. मग दोन्ही टोकांना कडक बाजू धरायची, येताना सूर्यास्त मोजायचा आणि जाताना तारे. वर थोडी भर घालायची म्हणून शब्बाथ किंवा सण लागतानाच्या मेणबत्त्या बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी. म्हणून हा उपास २४ तासांचा न होता साधारण २५ तासांचा होतो. मुंबईत १ ऑक्टोबरला सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळतो, म्हणजे सहा वाजून गेले की घरात तयारी झालेली पाहिजे. कोल निद्रे हा नवस-शपथा रद्द करण्याचा विधी तर मुद्दाम उजेड असतानाच सुरू करतात, कारण ते एक प्रकारे कोर्टाचं काम आणि सण लागल्यावर कोर्ट चालवत नाहीत.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी शतकानुशतकं छापील हिब्रू कॅलेंडर नसताना हा उपास सांभाळला, त्यांच्याकडे त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे, दारं बंद करून घरात बसायचे म्हणून. तेलाच्या घाण्याचं काम करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली हे नाव पडलं, आणि हा शनिवार त्यांच्या धर्माप्रमाणे शुक्रवारी दिवस मावळतानाच लागतो.

याचा सगळ्यात जास्त घोळ होतो तो सणांपेक्षा वर्षश्राद्धात. समजा कोणी १ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी तीनला वारलं तर हिब्रू तारीख ९ तिश्री, आणि त्याच दिवशी रात्री आठला वारलं तर १० तिश्री. मृत्यूच्या दाखल्यावर दोघांची तारीख एकच. ऑनलाइन तारीख बदलून देणाऱ्या साइटवर म्हणूनच ‘सूर्यास्तानंतर’ असा एक चौकोन असतो, तो टिक करायचा राहिला की दरवर्षी स्मरणाचा दिवा एक दिवस आधी लागतो. आणि गेलेला माणूस नेमका त्या संधिप्रकाशाच्या मिनिटांत गेला असेल तर साइट काही सांगू शकत नाही, तिथे रब्बींनाच विचारावं लागतं.