पुसलेलं परत आणता येईल, असं पुसायचं कसं?

फोटोशॉपमध्ये चहाच्या कपाचा फोटो उघडला, मागचं टेबल इरेजरनं पुसलं आणि २००० पिक्सेल रुंदीचा लेयर ४०० वर आणला. आता कप पुन्हा मोठा करायचा म्हटलं, तर पंचाईत होते. लहान करताना दर २५ पिक्सेलांचा एक झाला होता. मोठं करताना बाकीचे २४ फोटोशॉप शेजारच्या रंगांवरून अंदाजानं भरतं. कप धुरकट दिसतो, आणि पुसताना कपाचा कान थोडा कापला गेला असेल तर तोही परत येत नाही.

म्हणजे दोन गोष्टी वाचवायच्या आहेत: फोटोचे मूळ पिक्सेल आणि पुसण्याची कड.

पिक्सेलांसाठी स्मार्ट ऑब्जेक्ट. पुसापुशी करण्याआधीच लेयरवर राइट-क्लिक करून Convert to Smart Object निवडायचं. मूळ फोटो आत जसाच्या तसा राहतो. बाहेर नोंद राहते ती फक्त ‘२० टक्के’ एवढीच, आणि दर वेळी नवा आकार मुळापासून काढला जातो. खात्री करायची असेल तर लहान केल्यावर पुन्हा Ctrl+T दाबा. वरच्या पट्टीत २०% दिसलं तर मूळ शाबूत आहे. साध्या लेयरवर तिथे १००% दिसतं, कारण त्याला आधीचं काही आठवत नाही.

कडेसाठी व्हेक्टर मास्क. पेन टूल Path वर ठेवून कपाभोवती रेघ फिरवायची. कानातल्या पोकळीसाठी त्याच पाथमध्ये, Subtract Front Shape निवडून, दुसरी रेघ काढायची. मग Layer > Vector Mask > Current Path. टेबल दिसेनासं होतं, पण एकही पिक्सेल खोडला जात नाही. ही कड म्हणजे काही बिंदू आणि त्यांच्यामधल्या वक्ररेषा. PSD फाइलीत बिंदूंची जागा चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात लिहिलेली असते. त्यामुळे कितीही वेळा लहान-मोठं करा, कड नव्यानं आखली जाते. साधा लेयर मास्क मात्र स्वतःच पिक्सेलांचा असतो. तो स्मार्ट ऑब्जेक्टला बाहेरून लावला तर आत फोटो सुरक्षित आणि कड दर वेळी थोडी विरघळलेली, असा विचित्र प्रकार होतो.

कान कापला गेलाय? पांढऱ्या बाणानं तो बिंदू बाहेर ओढला की झालं. मास्कवर Shift धरून क्लिक केलं तर लपलेलं टेबलही पुन्हा दिसतं.

फसगत बहुधा साखळीच्या चिन्हाशी होते. फोटो आणि मास्क यांच्या लघुचित्रांमधली साखळी सुटली असेल तर फोटो आकसतो, कड जागेवरच राहते आणि कपाभोवती टेबलाच्या चिंध्या उगवतात. Undo करून साखळी जोडायची. आणि इरेजर किंवा ब्रश चालवताना फोटोशॉपनं rasterize करू का असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणायचं. ‘हो’ म्हटल्यावर आतला मूळ फोटो त्या लेयरपुरता गेलाच.

मूळ २००० च्या पलीकडे ताणलं तर मात्र स्मार्ट ऑब्जेक्टही नवा तपशील कुठून आणणार? शिवाय केस, लोकर, कपावरची वाफ यांना पेनची कड शोभत नाही. तिथे पिक्सेलांचाच मास्क घ्यावा, पण स्मार्ट ऑब्जेक्ट डबल-क्लिकनं उघडून आतल्या लेयरला लावावा, म्हणजे तोही मूळ आकारातच राहतो.