तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आणि आजच्या वयाच्या चौपट: वयाच्या गणितातला कंस

वयाची गणितं बहुतेक मुलांची सोडवताना नाही तर मांडतानाच चुकतात, आणि चुकायची जागाही जवळपास ठरलेली असते. पट कुठल्या वयाची घ्यायची, आजच्या की तेव्हाच्या, इथेच घोळ होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांमध्ये मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी ही दोन गणितं मुद्दाम शेजारी शेजारीच देते.

पहिलं: वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते मुलाच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट होईल.

दुसरं: वडिलांचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते मुलाच्या आजच्या वयाच्या चौपट होईल.

दोन्हीकडे सुरुवात एकच. मुलाचं आजचं वय x मानलं की वडिलांचं ३x, आणि १२ वर्षांनी मुलगा x + १२ आणि वडील ३x + १२. ही चारही वयं आधी कागदावर लिहून घ्यायची, वरच्या ओळीत आज, खालच्या ओळीत १२ वर्षांनी, आणि मगच समीकरणाला हात घालायचा. मुलं ही पायरी गाळतात आणि थेट समीकरण लिहायला जातात, तिथेच गडबड होते.

आता पहिल्या गणितात दुप्पट करायचीय ती खालच्या ओळीतल्या मुलाच्या वयाची, म्हणजे x + १२ या अख्ख्या वयाची. म्हणून कंस येतो.

३x + १२ = २(x + १२)
३x + १२ = २x + २४
x = १२

मुलगा १२, वडील ३६. ताळा करून बघा, १२ वर्षांनी मुलगा २४, वडील ४८, बरोबर दुप्पट.

दुसऱ्या गणितात वडिलांचं वय खालच्या ओळीतलं पण मुलाचं वरच्या ओळीतलं, नुसतं x. कंसाचा प्रश्नच नाही.

३x + १२ = ४x
x = १२

परत मुलगा १२ आणि वडील ३६! म्हणजे ही दोन वाक्यं एकाच घरातली आहेत. वडील ४८ चे होतील तेव्हा ते ४८ म्हणजे मुलाच्या त्या दिवशीच्या २४ ची दुप्पट पण आहेत आणि आजच्या १२ ची चौपट पण आहेत. दोन्ही खरं, फक्त मोजायचं माप वेगळं. ही जोडी मला म्हणूनच आवडते, कारण उत्तर एकच असल्यामुळे लक्ष उत्तरावर न राहता समीकरणाच्या उजव्या बाजूवर जातं.

खरं तर परीक्षेत तेव्हाच्या हा शब्द सहसा देतच नाहीत, नुसतं १२ वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल एवढंच असतं. तिथे तेव्हाचंच वय धरायचं, कारण १२ वर्षांनी हा शब्द सगळ्या वाक्याला लागू आहे, एकट्या वडिलांना नाही. आजचं वय हवं असेल तर आजच्या किंवा सध्याच्या असा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो, तो नाही म्हणजे दोघांनाही १२ वर्षं पुढे न्यायचं.

आता पहिलं गणित चुकतं कसं ते बघू, कारण प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं आणि त्या उत्तरावरूनच कळतं की पाय कुठे घसरला. कंस विसरला तर ३x + १२ = २x + १२ होतं, इथे दुप्पट आधी झाली आणि १२ नंतर मिळवले, उत्तर x = ०. मुलगा ० आणि वडील पण ०, म्हणजे लगेच लक्षात येतं. मुलाच्या बाजूला १२ मिळवायचेच राहिले तर ३x + १२ = २x, x = -१२, वय उणे येऊच शकत नाही, म्हणजे हेही पकडलं जातं.

पण तिसरी चूक फसवी आहे. मुलाचे १२ मिळवले, कंसही नीट घातला, पण वडिलांचे १२ राहून गेले. असं होतं कारण वडिलांचं ३x आधीच लिहून झालेलं असतं आणि ते तयार वाटतं.

३x = २(x + १२)
x = २४

मुलगा २४, वडील ७२. अगदी शहाणं उत्तर दिसतं, तिप्पटही जुळते, आणि मुलं खुशाल पुढच्या गणिताकडे जातात. ताळा अर्धा केला की असंच होतं, तिप्पट जुळली म्हणजे झालं असं नाही, कारण वडील ३x हे आपणच लिहिलंय, ती जुळणारच! ताळा करायचा तो १२ वर्षांनंतरच्या वाक्यावर. १२ वर्षांनी मुलगा ३६ आणि वडील ८४, आणि ३६ ची दुप्पट ७२, ८४ नाही. संपलं.

माझ्या एका विद्यार्थिनीने मला इथे छान प्रश्न विचारला होता, की दुसऱ्या गणितात आजच्याऐवजी तेव्हाच्या वयाची चौपट असं लिहिलं तर काय होईल. करून बघितलं, ३x + १२ = ४(x + १२), त्यातून x = -३६. यात मांडणीची चूक काहीच नाही, पण असं गणित घडूच शकत नाही. कारण बाप-लेकाच्या वयातलं अंतर कधी बदलत नाही, आपल्या घरात ते कायम २४ आहे, आणि अंतर तेवढंच राहून मुलगा मोठा होत गेला की पट कमी कमीच होत जाते. आज तिप्पट असलेले वडील पुढे कधीच चौपट होणार नाहीत, चौपट हवी तर मागे जावं लागेल. किती मागे ते अंतरावरूनच निघतं. वडील चौपट असतात तेव्हा मुलाचा एक वाटा आणि वडिलांचे चार, अंतर तीन वाट्यांचं, म्हणून एक वाटा २४ ÷ ३ = ८. मुलगा ८, वडील ३२, म्हणजे ४ वर्षांपूर्वी.

याच हिशोबाने पहिलं गणित कंसाशिवाय पण सुटतं. आज अंतर २x आहे. दुप्पट होताना अंतर मुलाच्या वयाएवढंच असतं, म्हणून x + १२ = २x, x = १२. मी मात्र मुलांना आधी कंसाचीच पद्धत करायला लावते आणि ही ताळ्यासाठी ठेवते, कारण अंतराची युक्ती दुसऱ्या गणितासारख्या वाक्याला सरळ लावता येत नाही, तिथे एक वय आजचं आणि एक पुढचं आहे, आणि ४८ वजा १२ हे ३६ येतं, जे दोघांच्या वयातलं अंतर नाहीच.