‘सगळ्यांनीच असं केलं तर?’ या प्रश्नाचे दोन अर्थ

कर्तव्य की परिणाम, या वादावरचा उतारा घेऊन वरच्या वर्गातल्या मुलांचा सॉक्रेटिक सेमिनार, म्हणजे उतारा समोर ठेवून प्रश्नांतून चालणारी चर्चा, सुरू झाला की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, ‘पण सगळ्यांनीच असं केलं तर?’ बाकीचे माना डोलावतात. आता आपण कर्तव्याला महत्त्व देणाऱ्या तत्त्वज्ञ कांटची बाजू मांडतोय, असं सगळ्यांना वाटू लागतं. बऱ्याचदा ती कांटची बाजू नसतेच. त्याच शब्दांत परिणामवाद, म्हणजे परिणामांवरून बरं-वाईट ठरवणारं मत, बोलत असतो, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही तर पुढचा पाऊण तास दोन्ही गट नकळत एकच मत मांडत भांडत राहतात.

या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. पहिला अर्थ परिणामवाद्याचा: सगळे असं वागू लागले तर जग आजच्यापेक्षा वाईट होईल का? कृती एकेकटी न तोलता नियम म्हणून तोलणारे परिणामवादी हाच प्रश्न विचारतात. दुसरा अर्थ कांटचा: मी मनाशी धरलेला बेत सगळ्यांचा नियम झाला, तर तो बेत म्हणून शिल्लक राहील का? पहिल्यात नफ्या-तोट्याचा हिशेब आहे. दुसऱ्यात बेत स्वतःलाच छेद देतो का, एवढंच पाहायचं आहे.

हा फरक दाखवायला सर्वांत सोयीचा उतारा म्हणजे खोट्या वचनाचा. इमॅन्युएल कांटच्या १७८५ सालच्या ‘ग्राउंडवर्क’मध्ये तो दोनदा येतो. बऱ्याच भाषांतरांत समासात प्रशियन अकादमीच्या आवृत्तीचे पृष्ठक्रमांक छापलेले असतात, त्यांतले ४०२-४०३ आणि ४२२ पाहावेत. दुसऱ्या ठिकाणचं उदाहरण असं: एका माणसाला पैशांची नड आहे. आपण परतफेड करू शकणार नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि ठरावीक मुदतीत परत करतो असं वचन दिल्याशिवाय कुणी पैसे देणार नाही हेही ठाऊक आहे. म्हणून तो खोटं वचन द्यायचं ठरवतो. कांट म्हणतो, हा सगळ्यांचा नियम झाला तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, लोक अशा बोलण्याला हसतील.

सेमिनार घसरतो तो इथेच. ‘विश्वास उडेल’ हे वाक्य दोन्ही युक्तिवादांत येतं, पण वेगवेगळ्या जागी. परिणामवाद्याच्या दृष्टीने ते शेवटचं वाक्य आहे: विश्वास उडाला, व्यवहार अडले, लोकांचं नुकसान झालं, म्हणून हे वाईट. कांटसाठी ते मधली पायरी आहे: विश्वास उडाला, म्हणून वचन देऊन पैसे मिळेनात, म्हणजे ज्या साधनावर या माणसाचा बेत उभा आहे ते साधनच त्याच्या नियमाने मोडलं. जग दुःखी झालं की नाही, हा मुद्दा त्यात नाही. त्यामुळे विद्यार्थी ‘विश्वास उडेल’ म्हणून थांबला, की शिक्षकाने किंवा शेजारच्या विद्यार्थ्याने एवढंच विचारावं: ‘बरं, विश्वास उडाला. मग पुढे काय?’ उत्तरात ‘समाजाचं नुकसान’ आलं तर तो परिणामांकडे चाललाय. ‘मग त्याला कर्जच मिळणार नाही’ असं आलं तर तो कांटजवळ पोचतोय.

प्रश्नाच्या शब्दांवर बरंच अवलंबून असतं. ‘सगळे खोटी वचनं देऊ लागले तर काय होईल?’ हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो, पण ‘काय होईल’ म्हटलं की मन आपोआप परिणामांची यादी करू लागतं. मुलं गोंधळ, भांडणं, बंद पडलेल्या बँका सांगतात, आणि कांटचा उतारा समोर असूनही कुणी त्यात पाहत नाही. तोच प्रश्न असा विचारावा: ‘सगळेच असं करत असतील, तर या माणसाला जे साधायचं आहे ते साधेल का? तुमचं उत्तर कोणत्या ओळीवर टेकलं आहे?’ आता लक्ष माणसाच्या बेताकडे जातं आणि बोटं ओळींवर. त्यासाठी उताऱ्याच्या ओळींना आधीच क्रमांक घालून ठेवावेत. पानभर मजकूर पुरे. दोन पानांच्या पुढे गेलं की मुलं ओळींऐवजी आठवणीवर बोलू लागतात.

एवढ्यावर वर्ग दोन अर्थ वेगळे करेलच असं नाही, कारण खोट्या वचनाच्या उदाहरणात दोन्ही कसोट्या एकाच बाजूने निकाल देतात. निकाल एकच असेल तर मोजमापं दोन आहेत हे कळणार कसं? म्हणून पुढचा प्रश्न नुकसानच काढून टाकणारा हवा. ‘समजा सगळेच खोटी वचनं देऊ लागले. लोकांनी वचनांवर विसंबणं सोडलं, वस्तू तारण ठेवून पैसे देण्याची रीत बसवली, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. आता परिणामवाद्याची तक्रार उरते का? कांटची उरते का?’ सेमिनारचा हाच कणा. परिणामवाद्याची तक्रार जवळजवळ विरून जाते. कांटची मात्र तशीच राहते, कारण नुसत्या वचनावर पैसे मिळवण्याचा बेत त्या सुखी जगातही अशक्यच आहे. ज्या मुलांना दोन्ही एकच वाटत होतं, ती इथे थबकतात. ती शांतता भरून काढायची घाई करू नये. दहा-पंधरा सेकंद कुणी बोललं नाही तरी चालतं.

मग तोच प्रश्न उलटा करायचा. ‘समजा हा एकटाच खोटं वचन देणार आहे, दुसरं कुणी कधीच देणार नाही अशी खात्री आहे, आणि सावकार इतका श्रीमंत आहे की त्याला ते कळणारही नाही. कोणाची तक्रार उरते?’ प्रत्येक कृती सुटी तोलणाऱ्या परिणामवाद्याला आक्षेप घेणं अवघड जातं. नियम तोलणारा म्हणतो की अशी सवलत देणारा नियमच घातक ठरेल. कांटला मात्र बाकीचे काय करणार आहेत याने फरक पडत नाही. ‘सगळ्यांनी केलं तर’ हे त्याच्यासाठी भाकीत नाही, बेत तपासण्याची रीत आहे. ‘पण सगळे तसं करणारच नाहीत ना!’ हा मुलांचा नेहमीचा आक्षेप इथे आपोआप सुटतो, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता खुद्द उताऱ्यातली अडचण. पृष्ठ ४०३ वर कांट लिहितो की असा नियम झाला तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, आणि उतावळेपणाने ठेवलाच तर त्याच नाण्यात परतफेड करतील. हे वाक्य स्वार्थाच्या हिशेबासारखं वाचता येतं, आणि तयारीने आलेला विद्यार्थी ते नेमकं उचलतो: ‘बघा, कांटसुद्धा परिणामच मोजतोय!’ त्याला गप्प करणं सर्वांत वाईट. त्याने मजकूर नीट वाचलाय. वर्गाला विचारावं: ‘हे वाक्य खोडून टाकलं, तर युक्तिवाद उभा राहतो का?’ त्याच्या लगेच पुढे कांट म्हणतो की सार्वत्रिक कायदा होताच हे सूत्र, म्हणजे शब्दांत मांडलेला बेत, स्वतःचाच नाश करतं. खोडण्याच्या प्रयोगात ही ओळ शाबूत राहते आणि निष्कर्षही. त्याआधीच्या पानावर, असं वचन देणं शहाणपणाचं आहे का आणि ते कर्तव्याला धरून आहे का, हे दोन प्रश्न कांटने स्वतःच वेगळे केलेत, तेही मुलांना शोधायला लावावं. पकडले जाण्याच्या भीतीने खरं बोलणं त्याला पुरत नाही.

हा गोंधळ फक्त नवशिक्यांचा नाही. परिणामवादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ साली ‘युटिलिटेरियनिझम’ लिहिताना पहिल्याच प्रकरणात कांटवर हा आरोप केला. अनीतीचे नियम सगळ्यांनी स्वीकारले तर त्यात तार्किक विसंगती येते हे कांटला दाखवता आलं नाही, त्याने एवढंच दाखवलं की त्याचे परिणाम कुणालाही नको असतील, असं मिलचं म्हणणं. हा परिच्छेद वर्गाला सुरुवातीला देऊ नये. पहिल्या अर्ध्या तासानंतर द्यावा आणि विचारावं: ‘मिलचा आरोप कांटच्या कोणत्या ओळीला लागू पडतो, आणि कोणत्या ओळीला पडत नाही?’ आधीच दिला तर मुलं मिलच्या चष्म्यातून कांट वाचतात आणि आत्मनाशाची ओळ त्यांना दिसतच नाही.

कांटची कसोटी निर्दोष असल्याचा भास मात्र होऊ देऊ नये. एक साधा बेत घ्या: ‘रस्ता रिकामा मिळावा म्हणून मी सगळ्यांच्या आधी पहाटे निघेन.’ सगळेच असं करू लागले तर रस्ता रिकामा राहणार नाही, बेत स्वतःलाच मारेल. मग पहाटे निघणं अनैतिक आहे का? हा प्रश्न मुलांना खूप चालना देतो. कुणी म्हणतं, बेत जास्तच बारीक शब्दांत मांडला, तो ‘गर्दी टाळता येईल तेव्हा टाळीन’ असा मांडायला हवा. कुणी म्हणतं, मग खोट्या वचनाचा बेतही आपण सोयीने दुसऱ्या शब्दांत मांडू शकू. दोघंही कांटच्या अभ्यासकांमध्ये आजही चालू असलेल्या वादापाशी पोचलेले असतात. सूत्र कोणत्या शब्दांत मांडायचं याला पक्का नियम नाही, ही त्या कसोटीची खरी दुखरी जागा आहे, आणि शिक्षकाने तिथे उत्तर देऊन चर्चा मिटवू नये.

दारात आलेल्या खुन्याला मित्राचा पत्ता सांगायचा का, हा प्रश्न कुणीतरी काढणारच. तो १७९७ सालच्या वेगळ्या निबंधातला आहे, बेंजामिन कॉन्स्टंटला दिलेल्या उत्तरातला. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून पुढच्या वेळेसाठी ठेवावा, कारण मित्राचा जीव डोळ्यांसमोर आला की सूत्र, बेत, विसंगती यांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. ‘ग्राउंडवर्क’मधलंच गरजूंना मदत न करण्याचं उदाहरणही पहिल्या बैठकीत नको. तिथे कांट स्वतःच मान्य करतो की असं जग टिकू शकेल, फक्त ते आपण इच्छू शकत नाही. ती विसंगती दुसऱ्या जातीची आहे आणि परिणामांशी तिची गल्लत आणखी सहज होते.

पन्नास मिनिटांत बारा-पंधरा जणांच्या वर्तुळाला हे चार-पाच प्रश्न पुरतात. शेवटची पाच मिनिटं लिहिण्याची: ‘“सगळ्यांनीच असं केलं तर?” हा प्रश्न दोनदा लिहा, एकदा परिणामवाद्याच्या तोंडी, एकदा कांटच्या, आणि दोन्ही वेळा वाक्य पूर्ण करा.’ तपासताना दुसऱ्या वाक्याचा शेवट पाहावा. तिथे ‘वाईट होईल’ असेल तर तो विद्यार्थी अजून पहिल्याच अर्थात आहे. ‘जमणारच नाही’ असेल, आणि काय जमणार नाही तेही लिहिलं असेल, तर पुढच्या बैठकीला मदतीचं उदाहरण घेता येईल.