सुटलेले प्यादे आणि राजाची धाव : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या जळगावच्या दुकानातून लाकडी बुद्धिबळ पट नेणाऱ्या ग्राहकांना आम्ही सोबत एक छोटे पत्रक देत असू. त्यात ‘प्याद्याचा चौकोन’ चार ओळींत सांगितला होता. मागच्या हंगामात अमळनेरहून आलेल्या एका ग्राहकाने ते पत्रक गल्ल्यावर ठेवले आणि म्हटले, “भाऊ, तुमना चौकोन खोटा शे.” चौकोन खोटा नव्हता, पण आमचे लिखाण अपुरे होते, आणि ती चूक आमचीच होती. म्हणून हे पत्रक नव्याने, थोडे सविस्तर लिहिले आहे. पटाच्या कडेला छापलेली इंग्रजी अक्षरे येथे ए, बी, सी अशी मराठीत दिली आहेत.

खेळाच्या शेवटी मोहरी कमी उरतात, अशा वेळी एखादे प्यादे सुटते, म्हणजे त्याच्या वाटेत कोणी उरत नाही, आणि प्रश्न एवढाच राहतो की समोरचा राजा त्याला वजीर होण्याआधी, किंवा वजीर होताक्षणी, गाठेल की नाही. ‘मी इथे, तो तिथे’ असे बोटाने मोजत बसले तर घड्याळ पळते आणि मोजणीही चुकते. चौकोन ती मोजणी एका नजरेत करून देतो.

पांढरे प्यादे ए-४ वर आहे असे समजा. त्याच्या घरापासून काळ्या राजाच्या बाजूला तिरके चढत जा: बी-५, सी-६, डी-७, ई-८. शेवटच्या ओळीला जिथे टेकलात, तो चौकोनाचा एक कोपरा झाला. उरलेले दोन ई-४ आणि ए-८, आणि चौथ्या कोपऱ्यावर प्यादे स्वतः उभे आहे. शिकताना या तीन रिकाम्या कोपऱ्यांवर शेंगदाणे ठेवावेत. आमच्याकडे गल्ल्यावर ते नेहमीच असतात. आत पाच बाय पाच घरे येतात.

यामागचे कारण समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. शेतात बांध धरून जाणे आणि शेत तिरके ओलांडणे ही अंतरे वेगळी असतात, पण पटावर राजाला तिरके घर आणि सरळ घर सारखेच, दोन्हींना एकच चाल लागते. त्यामुळे राजाला किती ओळी चढायच्या आणि किती ओळी बाजूला सरकायचे यांची बेरीज करायची नसते. त्यांतला मोठा आकडा तेवढा धरायचा. प्याद्याला वजीर व्हायला चार चाली लागत असतील, तर चौकोनाची बाजूही राजाच्या चार पावलांचीच असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे चाल कोणाची आहे. चाल राजाची असेल, तर प्यादे गाठण्यासाठी त्याला या एका चालीत चौकोनात पाय ठेवता आला पाहिजे. चाल प्याद्याची असेल, तर राजा आधीपासूनच आत असला पाहिजे, कारण प्यादे पुढे सरकले की चौकोनही लहान होतो.

पटावर लावून पाहा. पांढरे प्यादे ए-४, पांढरा राजा दूर एच-१ वर, काळा राजा एफ-४ वर. राजा चौकोनाच्या एक घर बाहेर आहे. चाल काळ्याची असेल, तर तो ई-५ वर येऊन आत शिरतो. प्यादे ए-५, राजा डी-६. प्यादे ए-६, राजा सी-७. प्यादे ए-७, राजा बी-७. प्यादे ए-८ वर वजीर होते आणि राजा तो वजीर लगेच मारतो. याच मांडणीत चाल पांढऱ्याची असेल, तर प्यादे ए-५ वर जाते आणि चौकोनाची हद्द डी ओळीवर येते. राजा ई-५ वर येतो, पण तो बाहेरच राहतो. पुढे ए-६, डी-६, ए-७, सी-७ असे होऊन ए-८ वर वजीर उभा राहतो, आणि बाजूच्या बी ओळीवर राजा अजून पोहोचलेलाच नसतो.

आता अमळनेरच्या ग्राहकाची तक्रार. त्यांच्या डावात प्यादे ए-२ वर, म्हणजे मूळ घरात होते, काळा राजा एच-५ वर होता आणि चाल काळ्याची होती. ए-२ पासून चौकोन काढला तर तो जी ओळीपर्यंत जातो, म्हणून राजा जी-५ वर येऊन निर्धास्त झाला. प्यादे मात्र पहिल्याच चालीत दोन घरे उडी मारून ए-४ वर गेले, आणि तिथून राजा ते गाठू शकला नाही. मूळ घरातल्या प्याद्याचा चौकोन नेहमी एक घर पुढून, येथे ए-३ पासून, काढावा. तसा काढला तर हद्द एफ ओळीवर येते आणि एच-५ वरचा राजा उशिरा निघाला आहे हे आधीच दिसते. जुन्या पत्रकात हेच वाक्य राहिले होते.

दुसरी खबरदारी वाटेतल्या अडथळ्याची. ए-४ च्याच प्याद्यासमोर काळा राजा एफ-३ वर आहे आणि चाल त्याची आहे. ई-४ हा कोपरा त्याला मिळतो, पण पुढे त्याच्याकडे एकच वाट उरते: डी-५, सी-६, बी-७. डी-५ वर काळ्याचे स्वतःचे प्यादे उभे असेल, तर राजा चौकोनात असूनही अडकतो. राजा कोपऱ्यातून शिरत असेल, तेव्हा ती तिरकी वाट घर-घर तपासावी. पांढऱ्या राजाने आपल्या प्याद्याजवळ येऊन वाट राखली असेल, तर मात्र हा चौकोन मुळी लावूच नये. तो एकट्या पळणाऱ्या प्याद्यासाठी आहे.

उलट दिशेचा अपवाद १९२१ साली बुद्धिबळपटू रिचर्ड रेटी यांनी एका रचनेत दाखवला, आणि तो आम्ही दुकानात प्रत्येकाला लावून दाखवतो. पांढरा राजा एच-८, पांढरे प्यादे सी-६, काळा राजा ए-६, काळे प्यादे एच-५, चाल पांढऱ्याची. काळ्या प्याद्याचा चौकोन पाचव्या ओळीपासून खाली आहे आणि पांढरा राजा एका चालीत सातव्या ओळीपर्यंतच येतो, म्हणजे तो दोन चाली मागे आहे. नियमाप्रमाणे डाव गेला. तरी राजा जी-७ वर जातो, काळे प्यादे एच-४ वर. राजा एफ-६ वर, आणि आता आपले सी-६ चे प्यादे पुढे नेण्याची त्याची धमकी उभी राहते. काळ्याने राजा बी-६ वर आणला, तर पांढरा राजा ई-५ वर येतो. येथे एका पावलात दोन कामे आहेत. काळ्या राजाने सी-६ चे प्यादे मारले, तर एफ-४ वर येऊन पांढरा राजा चौकोनात शिरतो आणि एच प्यादे पकडतो. काळ्याने प्यादेच एच-३ वर ढकलले, तर पांढरा राजा डी-६ वर जाऊन आपल्या प्याद्याला आधार देतो, दोघांचेही वजीर होतात आणि डाव बरोबरीत सुटतो.