राजीनाम्यानंतर ऑफर रद्द झाली तर

“रुजू व्हायच्या आधी ऑफर मागे घेतली तर काहीच करता येत नाही. जॉइनिंग झालंच नाही, तर हक्क कसला?”

हक्क रुजू होण्याच्या दिवशी नव्हे, ऑफर स्वीकारल्याच्या मेलने सुरू होतो. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे स्वीकृती पोचली की करार होतो. तो मोडला तर कलम 73 खाली नुकसानभरपाई मागता येते. कोर्ट ती नोकरी मात्र सहसा द्यायला लावत नाही.

आधी ऑफर लेटर काढा. ‘पडताळणी झाल्यावरच लागू’ अशी अट असेल आणि नकार त्याच कारणाने असेल, तर दावा कमजोर पडतो. कारण दिलं नसेल तर ते मेलवर विचारा. फोनवरचं बोलणं पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

पण सगळ्यात घाईचं काम जुन्या ऑफिसात आहे. समजा नोटीस 60 दिवसांची आहे आणि रद्दचा मेल चाळिसाव्या दिवशी आला. अजून 20 दिवस तुम्ही तिथले कर्मचारी आहात. त्याच दिवशी ‘राजीनामा मागे घेत आहे’ असं लेखी कळवा. नियुक्तीपत्रातल्या अटी आणि जागी नवा माणूस घेतलाय का, यावर उत्तर ठरेल. लाज वाटते म्हणून आठवडा घालवू नका.

तिथे नकार मिळाला तर ऑफर रद्द करणाऱ्या कंपनीला वकिलामार्फत नोटीस. बुडालेला पगार मागताना तुम्ही दुसरी नोकरी शोधत होतात का, हेही पाहिलं जातं. म्हणून केलेले अर्ज जपून ठेवा.