पेपरात आलं म्हणजे संदर्भ झाला का?

विकिपीडियासाठी लिहिलेल्या लेखांचे मसुदे मी गेली काही वर्षं तपासतो. तेवढ्या काळात एक वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल: ‘‘अहो, पेपरात आलंय की!’’ पेपरात छापून येणं आणि स्वतंत्र संदर्भ असणं या दोन गोष्टी दिसायला जुळ्या आहेत. दोन्हीकडे वर्तमानपत्राचं नाव असतं, तारीख असते, पान क्रमांक असतो. फरक कळतो तो बातमी शेवटपर्यंत वाचल्यावरच, आणि आपण बहुतेक जण मथळा आणि फोटो बघून पान उलटतो.

मागच्या दिवाळीत लातूरचा भाचा लॅपटॉप घेऊनच आला. तिथल्या एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात तो काम करतो. वर्गाचं नाव इथे घेत नाही. मालकांनी त्याला वर्गावर विश्वकोशासारखा लेख लिहायला सांगितला होता. पहिलंच वाक्य असं होतं: ‘लातूर पॅटर्नचा वारसा समर्थपणे पुढे नेणारा, हजारो विद्यार्थ्यांच्या स्वप्नांना पंख देणारा मराठवाड्यातील अग्रगण्य क्लास.’ मी म्हटलं, हे तर चौकातल्या फ्लेक्सवरून उतरवल्यासारखं वाटतंय. तो गप्प बसला आणि तासाभराने परत आला. आता वाक्य होतं: ‘हा लातूर येथील शिकवणी वर्ग असून त्याचे अनेक विद्यार्थी दरवर्षी नीट परीक्षेत यशस्वी होतात.’ खाली सहा संदर्भ, सगळे वर्तमानपत्रांचे.

‘‘मामा, आता झालं ना तटस्थ?’’

विशेषणं गेली होती, हे खरं. पण ‘अनेक’ म्हणजे किती, कितींपैकी, आणि ते याच वर्गाचे हे कोणी मोजलं? एकाच गुणवंताचा फोटो दोन-तीन वर्गांच्या फलकांवर झळकताना लातूरकरांनी पाहिलेला आहे. एकीकडे तो वर्षभर शिकलेला असतो, दुसरीकडे त्याने फक्त सराव परीक्षा दिलेल्या असतात. त्यामुळे वाक्याचा आवाज खाली आला तरी दावा जागच्या जागीच राहिला होता. तो कुणाच्या तोंडचा आहे हे बघायला संदर्भ उघडावे लागले.

पहिले तीन संदर्भ तीन वेगवेगळ्या दैनिकांचे, तारीख एकच, निकालाच्या दुसऱ्या दिवसाची. तिन्हीकडे ‘उज्ज्वल यशाची परंपरा कायम’ हे शब्द आणि तिन्हीकडे संचालकांच्या आडनावात तीच वेलांटीची चूक. बातमीदार तीन असते तर चुका तरी वेगवेगळ्या झाल्या असत्या. शेवटचा परिच्छेद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: ‘या यशाबद्दल संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य व सर्व शिक्षकवृंद यांनी विद्यार्थ्यांचे अभिनंदन केले.’ हे वाक्य बातमीदार शोधून आणत नाही, ते प्रेसनोटमधून येतं. म्हणजे तीन पेपर असले तरी संदर्भ एकच, आणि तोही खुद्द वर्गाचा.

चौथा संदर्भ रंगीत पुरवणीचा होता. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ छापलं होतं, आणि भाच्याने जोडलेल्या कात्रणात नेमका तेवढाच कोपरा कापला गेला होता. मुद्दाम नव्हे, कात्री तशी फिरली असेल. पाचवी त्याच पुरवणीतली संचालकांची मुलाखत. मुलाखतीतून फार तर ‘संचालकांनी असे सांगितले’ एवढं घेता येतं. वर्ग महत्त्वाचा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण बोलणारे तेच आणि विषयही तेच.

सहावी बातमी मात्र वेगळीच निघाली. प्रवेशाच्या दिवसांत लातूरमध्ये खोल्यांची भाडी आणि मेसचे दर कसे चढतात, यावर एका बातमीदाराने नाव देऊन लिहिलेली. ती बाई घरमालकांशी बोलली होती, परगावाहून आलेल्या पालकांशी बोलली होती, मेस चालवणाऱ्या काकूंचं गाऱ्हाणंही तिने मांडलं होतं. ही स्वतंत्र बातमी. पण तिच्यात आमच्या वर्गाचं नाव आलं होतं एकदाच, ‘अमुक वर्गाच्या मागच्या गल्लीत’ असं, पत्ता सांगण्यापुरतं.

थोडक्यात, सहापैकी पाच संदर्भ त्या वर्गाच्याच आवाजातले, आणि उरलेला एक दुसऱ्याच विषयावरचा. स्वतंत्र लेख उभा राहायला विषयावर सविस्तर बोलणारे, विषयाशी देणंघेणं नसलेले, भरवशाचे संदर्भ लागतात. इथे तसा एकही नव्हता. अशा मसुद्याची भाषा कितीही धुतली तरी उपयोग नाही. जाहिरात हळू आवाजात वाचली तरी ती जाहिरातच राहते.

बातमी कोणत्या जातीची हे ओळखताना मी आधी एकच गोष्ट बघतो: बातमीदार जागेवरून उठला होता का? तीत दुसऱ्या कुणाचा आवाज आहे का, संस्थेने स्वतःहून सांगितलं नसतं असं काही आहे का? टीका असलीच पाहिजे असं नाही. कौतुकाची बातमीही स्वतंत्र असू शकते, आणि टीकेची बातमी प्रतिस्पर्ध्याने पुरवलेलीही असू शकते. नुसतं ‘प्रतिनिधी’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण चांगल्या बातम्याही तशाच छापल्या जातात. तालुक्याच्या वार्ताहराला मी फार दोष देत नाही. त्याला बातमीबरोबर बऱ्याचदा जाहिरातही आणावी लागते. सकाळी ज्यांची प्रेसनोट येते, संध्याकाळी त्यांच्याच दारात पुरवणीची जाहिरात मागायला जायचं असतं.

प्रेसनोट अगदीच टाकाऊ असते असंही नाही. स्थापनेचं वर्ष, पत्ता, कोणते विषय शिकवतात अशा बिनवादाच्या गोष्टींना ती चालते. ‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘अव्वल’ असे शब्द आले की तिची हद्द संपते.

आता याची दुसरी बाजू. भाच्याने सोबत अजिंठ्याच्या लेखातली काही वाक्यं दाखवली आणि म्हणाला, ‘‘मग हे कसं चालतं? इथे तर केवढं कौतुक!’’ एक वाक्य होतं, ‘अजिंठा लेणी १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.’ हे कानाला कौतुक वाटतं, पण ती नोंद आहे. यादी युनेस्कोची, वर्ष तपासता येतं. त्याच्या पुढच्याच वाक्यात मात्र ‘डोळ्यांचे पारणे फेडणारी’ होतं. अजिंठ्याबद्दल माझं मतही तेच आहे, पण ते विश्वकोशाच्या तोंडी घालता येत नाही. एखाद्या कला-इतिहासकाराने चित्रांबद्दल काही म्हटलं असेल, तर त्याचं नाव घेऊन, त्याच्या ग्रंथाचा हवाला देऊन ते मांडावं. म्हणजे मत कुणाचं ते वाचकाला कळतं. मोठा शब्द दिसला की खोडायचा हा सरसकट नियम केला, तर उद्या कोणीतरी जागतिक वारसाही खोडून टाकेल.

भाच्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. तो त्या वर्गाचा पगार घेतो. विकिपीडियावर पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड सांगायचं असतं, आपल्या सदस्य पानावर किंवा लेखाच्या चर्चापानावर. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मालकांना काय सांगू, म्हणाला. मी म्हटलं, सहा कात्रणं टेबलावर मांड आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव.

तो मसुदा तिथेच थांबला. सहावी बातमी मात्र मी ठेवून घेतली. लातूर शहराच्या लेखात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या राहण्याखाण्याबद्दल एक परिच्छेद हवाच होता, त्यात ती संदर्भ म्हणून बसली. भाच्याने तो वाचला आणि विचारलं, ‘‘यात आमच्या क्लासचं नाव नाही का?’’ नव्हतं.